सहस्रचंद्रदर्शनाची भेट चार दिवस उशिरा आली. विक्रेत्याकडून नक्की काय मागता येतं?

मुग्धा_कोथरूड

नमस्कार मंडळी. थोडं लांबण लागेल, पण तपशील दिल्याशिवाय सल्ला कसा देणार, म्हणून सगळं लिहिते.

आमच्या आजोबांचं सहस्रचंद्रदर्शन १० ऑगस्टला सांगलीला झालं. आम्ही नातवंडांनी वर्गणी काढून त्यांच्यासाठी वंशवृक्षाची फ्रेम करायला दिली. लाकडावर कोरलेलं झाड, प्रत्येक फांदीवर नाव, चार पिढ्या. विक्रेता परराज्यातला आहे, स्वतःची वेबसाइट आहे, नाव इथे लिहीत नाही. किंमत ४,८५० आणि लवकर पोचवण्याचे वेगळे ३०० रुपये. २१ जुलैला पैसे भरले.

पैसे भरण्याआधी मी त्यांच्या व्हॉट्सअॅपवर विचारलं होतं: "१० ऑगस्टला आजोबांचा कार्यक्रम आहे, ८ तारखेपर्यंत सांगलीला पोचायलाच हवं, जमेल का?" उत्तर आलं, "हो मॅडम, ६-७ पर्यंत पोचेल, टेन्शन नका घेऊ", पुढे अंगठा. वेबसाइटवर मात्र "अंदाजे १२ ते १५ दिवस" असं होतं.

फ्रेम आली १४ ऑगस्टला. कार्यक्रमात आजोबांच्या हातात द्यायला काहीच नाही, म्हणून दादाने ९ तारखेला रात्री सांगलीतल्या फोटो स्टुडिओत धरणं धरून एक साधी फोटोफ्रेम करून घेतली, १,४०० रुपये. आता विक्रेता म्हणतो पावसामुळे कुरिअर अडकलं, शिवाय नावं कोरलेली वस्तू परत घेता येत नाही, हवं तर ५०० रुपयांचं कूपन घ्या. मला पैसे परत मिळतील का? आणि जो मनस्ताप झाला त्याचं काय?

तात्या_सदाशिव

ऐंशी वर्षांच्या माणसाला भेट द्यायला परराज्यातून लाकूड मागवायची गरज काय? लक्ष्मी रोडला काय मिळत नाही? असो. कूपन घेऊ नका एवढंच सांगतो.

कायद्याचा_कीडा

मी एलएलबीच्या दुसऱ्या वर्षाला आहे. केस एकदम स्ट्राँग आहे. तारीख सांगितली, त्यांनी हो म्हटलं, तारीख पाळली नाही, म्हणजे करारभंग. पूर्ण पैसे, १,४०० रुपये, हॉलचा खर्च, मनस्ताप, सगळं मागा. ई-कॉमर्सच्या २०२० च्या नियमांत स्पष्ट आहे की सांगितलेल्या वेळेपेक्षा उशिरा आलेली वस्तू परत घ्यायला किंवा पैसे परत द्यायला विक्रेता नकार देऊ शकत नाही. नावं कोरलेली असली तरी.

रुपाली_लातूर

माझंही असंच झालं. मी भावाला राखी कुरिअरने पाठवली होती, पंधरा दिवस आधी. ती पोचली गोकुळाष्टमीनंतर. कुरिअरवाल्याने पावतीची मागची बाजू दाखवली, त्यावर बारीक अक्षरात जबाबदारी १०० रुपयांपर्यंतच. मग मुग्धाताई, तुम्हालाही १०० रुपयेच मिळतील ना?

मुग्धा_कोथरूड

@तात्या, लक्ष्मी रोडला विचारलं होतं, एवढी नावं कोरायला दीड महिना सांगितला.

@कायद्याचा_कीडा, हॉल तर आधीच बुक होता, कार्यक्रमही झाला. तो खर्च कसा मागायचा?

अनुस्वार

मी बरीच वर्षं एका ग्राहक संघटनेत तक्रारी लिहून देतो. वकील नाही. पण अशा उशिराच्या भेटवस्तू दिवाळी आणि लग्नसराईत हमखास येतात, म्हणून लिहितो.

रुपालीताईंचं प्रकरण वेगळं आहे. तुम्ही स्वतः कुरिअरच्या काउंटरवर जाऊन पाकीट दिलंत, तर तुमचा करार कुरिअरशी. त्या पावतीच्या अटी तुमच्यावर लागतात, विशेषतः तुमची सही असेल तर. १९९६ साली भारती निटिंग विरुद्ध डीएचएल या प्रकरणात सर्वोच्च न्यायालयाने नेमकं हेच ठरवलं. जर्मनीला पाठवलेली कागदपत्रं उशिरा पोचली आणि व्यवहार बुडाला. राज्य आयोगाने लाखोंची भरपाई दिली होती, पण सही केलेल्या पावतीवरची १०० डॉलरची मर्यादा शेवटी कायम राहिली. मुग्धाताईंनी मात्र कुरिअरला काही दिलेलं नाही. त्यांनी विक्रेत्याला पैसे दिले आणि विक्रेत्याने कुरिअर निवडलं. "कुरिअरचा दोष" हे विक्रेत्याने कुरिअरला सांगायचं, गिऱ्हाईकाला नाही. त्यामुळे त्या १०० रुपयांचा इथे संबंध नाही.

कीडासाहेब, नियम तुम्ही बरोबर सांगितलात, पण अर्धाच. त्याच नियमाला जोडून एक पुस्ती आहे: उशीर आवाक्याबाहेरच्या कारणाने झाला असेल तर हा नियम लागू नाही. विक्रेता "पाऊस" म्हणतोय तो त्यासाठीच. म्हणून पहिला प्रश्न असा की पार्सल कधी निघालं? मुग्धाताई, ट्रॅकिंगच्या सगळ्या ओळी इथे टाका. नुसती पोचल्याची तारीख नको.

मुग्धा_कोथरूड

हे घ्या, स्क्रीनवरून उतरवून लिहिते:
५ ऑगस्ट, लेबल तयार.
९ ऑगस्ट, संध्याकाळी ६:४०, विक्रेत्याकडून पार्सल ताब्यात घेतले.
१० ऑगस्ट, हबला पोचले.
१३ ऑगस्ट, सांगली केंद्र.
१४ ऑगस्ट, दुपारी ३:२०, वितरित. घेणारी व्यक्ती: आत्या.

अनुस्वार

झालं. हे वाचून पावसाचा विषयच संपतो.

लेबल तयार होणं म्हणजे कुरिअरच्या संगणकात नोंद झाली, एवढंच. वस्तू तेव्हाही त्यांच्याच कारखान्यात होती. कुरिअरच्या हातात ती पडली ९ तारखेच्या संध्याकाळी, म्हणजे त्यांनी स्वतः सांगितलेली ६-७ उलटून गेल्यावर आणि कार्यक्रमाच्या आदल्या दिवशी. रस्ता अगदी कोरडा असता तरी दुसऱ्या दिवशी सकाळी ती सांगलीत कशी येणार? पाऊस खरा असेलही, पण उशीर पावसाआधीच होऊन गेलेला. या पाच ओळींचे स्क्रीनशॉट आजच काढून ठेवा, कारण काही महिन्यांनी ट्रॅकिंग दिसेनासं होतं.

आता दुसरी गोष्ट, "अंदाजे १२ ते १५ दिवस". साइटवर नुसतं तेवढंच असतं आणि तुम्ही तारीख सांगितली नसती, तर बाजू बरीच पातळ झाली असती. दिवसांची नुसती रेंज दिली असेल तर अमुक दिवशी भेट द्यायची आहे हे विक्रेत्याला कसं कळणार? १८७२ च्या करार कायद्याचं कलम ७३ असं सांगतं की नुकसान मागताना दोन गोष्टी पाहतात: ते नुकसान अशा चुकीतून सहज होण्यासारखं होतं का, किंवा करार करताना दोघांनाही ते माहीत होतं का. तुम्ही पैसे भरण्याआधी कार्यक्रमाचं कारण आणि तारीख दोन्ही लिहिलंत आणि त्यांनी हो म्हटलं. वर लवकर पोचवण्याचे वेगळे पैसे घेतले. या एका मेसेजवर तुमची सगळी इमारत उभी आहे. तो मेसेज पैसे भरल्यानंतरचा असता तर मी इतकं ठामपणे लिहिलं नसतं.

हॉलचा खर्च मागू नका. कार्यक्रम झाला, लोक जेवले, फ्रेम नव्हती म्हणून हॉल वाया गेला नाही.

लेस्टरची_सून

इकडे इंग्लंडमध्ये याबाबत सरळ नियम आहे. २०१५ च्या ग्राहक हक्क कायद्यात लिहिलंय की अमुक दिवसापर्यंत वस्तू येणं अत्यावश्यक आहे असं करार करण्याआधी दुकानदाराला सांगितलं असेल, आणि ती आली नाही, तर ग्राहक तिथल्या तिथे करार संपवू शकतो आणि दुकानदाराने विनाविलंब पैसे परत करायचे. काहीच सांगितलं नसेल तर तीस दिवस. गेल्या वर्षी मी मुलाच्या वाढदिवसाला केकचा स्टँड मागवला, नाही आला, एका ईमेलवर पैसे आले. भारतात पण असंच असेल ना?

अनुस्वार

आशय जवळपास तोच, पण आपल्याकडे तो दोन-तीन कायद्यांत विखुरलेला आहे. आणि एका ठिकाणी गाडी अडते. तिथेच मुग्धाताईंना दोन अवघड प्रश्न विचारायचे आहेत. १० तारखेनंतर तुम्ही विक्रेत्याला काय काय लिहिलंत? आणि फ्रेम आत्ता कुठे आहे?

मुग्धा_कोथरूड

१२ तारखेला मी लिहिलं: "कार्यक्रम होऊन गेला, आता निदान लवकर तरी पाठवा." १४ ला फ्रेम आल्यावर संध्याकाळी: "फार उशीर केलात, खूप वाईट वाटलं, पैसे परत हवेत."

आणि फ्रेम... आजोबांच्या खोलीत भिंतीवर आहे. आत्याने आली त्याच दिवशी खिळा ठोकून लावली. आजोबा रोज एकेका फांदीवर बोट ठेवून नावं वाचतात. पणतीचं नाव "स्वरा" ऐवजी "सवरा" कोरलंय, ते पण त्यांनीच शोधलं!

तात्या_सदाशिव

मग परत कसली करताय? राहू द्या की. सवरा म्हणजे आवरा.

कायद्याचा_कीडा

थांबा, हे महत्त्वाचं आहे. करार कायद्याचं कलम ५५. वेळ चुकली की करार रद्द करण्याचा हक्क आपल्याला मिळतो. पण उशिरा आलेली वस्तू स्वीकारली, तर उशिराबद्दल भरपाई मागता येत नाही, स्वीकारतानाच "मी भरपाई मागणार" असं कळवलं नसेल तर. पण मुग्धाताईंनी त्याच संध्याकाळी कळवलंय, म्हणजे प्रश्न मिटला.

अनुस्वार

शाब्बास, कलम बरोबर. मिटला की नाही, तिथे मात्र मी थांबेन.

"निदान लवकर तरी पाठवा" हे वाक्य विक्रेता दाखवणार. १० तारीख उलटल्यावर तुम्हाला "आता नको, रद्द करा, पैसे परत द्या" असं म्हणायची मोकळीक होती. त्याऐवजी पाठवायला सांगितलंत, म्हणजे उशीर चालवून घेतलात, असं तो म्हणेल. १४ च्या संध्याकाळचं "पैसे परत हवेत" तुमच्या बाजूने आहे. पण पैसे परत हवेत आणि वस्तूही भिंतीवर, हे दोन्ही एकत्र नांदत नाही. १९३० च्या माल विक्री कायद्यात, माल स्वीकारला असं कधी धरायचं याची कसोटी आहे: खरेदीदार स्वतः तसं म्हणतो, किंवा माल आपलाच असल्यासारखं काही करतो, किंवा बराच काळ नाकारल्याचं न कळवता ठेवून घेतो. खिळा ठोकून भिंतीवर लावणं दुसऱ्या प्रकारात बसतं.

कुणाला पुढे कधी उपयोगी पडेल म्हणून लिहितो. नाकारायचं असेल तर वस्तू परत पाठवायची तजवीज खरेदीदाराने करायला हवी असं नाही, वेगळं ठरलं नसेल तर. त्याच कायद्याप्रमाणे नाकारल्याचं कळवलं की पुरे. "तुम्हीच कुरिअर करा, खर्च तुमचा" असं विक्रेते म्हणतात, त्याने बिचकू नका. खोका जपून ठेवायचा, वस्तू वापरायची नाही, आणि "माल नाकारला आहे, घेऊन जा" असा मेल टाकायचा.

रुपाली_लातूर

पण सही आत्याने केली, मुग्धाताईंनी नाही. मग स्वीकारलं असं कसं?

अनुस्वार

नुसतं दारात पार्सल घेणं म्हणजे कायद्याच्या अर्थाने स्वीकारणं नव्हे. वॉचमनने घेतलं तरी तसंच. खिळा हा प्रश्न आहे, सही नाही.

मुग्धा_कोथरूड

खरं सांगू का, आजोबांच्या भिंतीवरून आता ती काढवत नाही. मग काहीच मिळणार नाही?

अनुस्वार

मिळेल. मागणी बदला, एवढंच. दोन रस्ते होते, त्यांचा हिशेब समोर ठेवतो.

फ्रेम नाकारली असती, तर ४,८५० आणि ३०० मिळून ५,१५० परत मागता आले असते. पण त्यावर स्टुडिओचे १,४०० जोडता आले नसते. पूर्ण पैसे परत आणि पर्यायी फ्रेमचेही पैसे, म्हणजे कार्यक्रम फुकटात झाला असता. पर्यायी वस्तू मूळ वस्तूपेक्षा महाग पडली असती, तर फरक मागता आला असता. इथे ती स्वस्त पडली.

फ्रेम ठेवलीत, तर किमतीवर पाणी सोडायचं, कारण वस्तू तुमच्याकडे आहे. पण ३०० रुपये त्यांनी कशासाठी घेतले? वेळेवर पोचवायला. ते काम झालंच नाही, म्हणून ते परत. आणि १,४०० रुपये तुम्हाला त्यांच्या उशिरामुळेच घालावे लागले, ते दुसऱ्या फ्रेमची पावती दाखवून मागायचे. झाले १,७००. "सवरा" हा उशिराचा नाही, वस्तूतला दोष आहे, तो वेगळा मुद्दा. तो दुरुस्त करून द्या किंवा त्याबद्दल किमतीत कपात द्या, असं वेगळं लिहा. दोन्ही एकात कालवू नका, नाहीतर विक्रेता सोप्या मुद्द्याला उत्तर देऊन अवघड टाळतो.

मनस्ताप ग्राहक आयोगात मागता येतो, दिवाणी दाव्यापेक्षा तिथे त्याला अधिक जागा आहे. एखाद्या भेटवस्तूसाठी लाखाची स्वप्नं बघू नका. मी पाहिलेल्या प्रकरणांत काही हजार आणि तक्रारीच्या खर्चाचे काही हजार, तेही विक्रेत्याने उद्धट उत्तरं दिली असतील तेव्हा. आजोबा फ्रेम बघून खूश आहेत हे तुम्ही इथे लिहिलंत, तसं तक्रारीत लिहू नका असं मी म्हणणार नाही, खोटं लिहायचं नाही. पण कार्यक्रमात काय झालं ते नीट लिहा.

फ्रेमवाला_हुपरी

मी स्वतः असल्या भेटवस्तू बनवून विकतो, म्हणून दुसरी बाजू. व्हॉट्सअॅपवर उत्तर देणारी मुलगी आणि कोरणारा कारागीर वेगवेगळे असतात. ती "हो मॅडम" म्हणते आणि तारीख कारागिरापर्यंत जातच नाही. मी आता एक वही ठेवलीय, त्यात लाल पेनने "तारीख पक्की" लिहिलेली ऑर्डर वेगळी. जमणार नसेल तर पैसे घ्यायच्या आधी नाही म्हणतो. गिऱ्हाईक जातं, पण हे असलं मागे लागत नाही.

नावं तपासायचा नमुना मुग्धाताईंना पाठवला होता का? त्यावर "ओके" दिलं असेल तर "सवरा" तुमच्याकडे येतं हो.

मुग्धा_कोथरूड

नमुना आला होता २६ जुलैला. मी "ओके, पुढे करा" लिहिलं. आत्ता उघडून बघते... नमुन्यात "स्वरा" बरोबर आहे. म्हणजे कोरताना चुकलंय.

फ्रेमवाला_हुपरी

मग ती त्यांची चूक. पण २६ ला मान्यता देऊन ९ ला निघालं म्हणजे कारागिराकडे दोन आठवडे पडून होतं. वाईट.

कायद्याचा_कीडा

मुग्धाताई, १९१५ ला फोन करा, लगेच निकाल लागतो.

अनुस्वार

निकाल नाही लागत. १९१५ ही राष्ट्रीय ग्राहक हेल्पलाइन आहे, ती तक्रार कंपनीकडे पाठवते आणि उत्तर मागते. हुकूम देण्याचा अधिकार तिला नाही. तरी करा, फुकट आहे आणि पुष्कळ विक्रेते तेवढ्यावर नरमतात.

त्याआधी विक्रेत्याच्या तक्रार अधिकाऱ्याला मेल करा, वेबसाइटवर त्याचं नाव असायला हवं. ४८ तासांत पोच आणि महिन्याभरात निवारण, असं नियमात आहे. मेलमध्ये नुसतं रडगाणं नको. २१ जुलैचा मेसेज, ९ ऑगस्टची ट्रॅकिंगची ओळ, आणि रकमा: ३००, १,४००, दोषाबद्दल दुरुस्ती किंवा कपात. कूपन घेऊ नका, कारण कूपन घेताना "तक्रार मिटली" असं बटण दाबायला लावतात आणि मग तेच पुरावा म्हणून दाखवतात.

एवढ्यावर झालं नाही तर पुण्याच्या जिल्हा ग्राहक आयोगात. विक्रेता कुठेही असो, २०१९ च्या कायद्याने तुम्ही राहता त्या जिल्ह्यात तक्रार करता येते. ५ लाखांपर्यंतच्या खरेदीला फी नाही, वकील लागत नाही, e-jagriti.gov.in वर ऑनलाइन भरता येते, मुदत दोन वर्षं. पण १,७०० रुपयांसाठी तारखांना हजर राहायचं का, हे तुमचं तुम्ही ठरवायचं. विक्रेते हाच हिशेब करून बसलेले असतात.

मुग्धा_कोथरूड (आठ दिवसांनी)

अपडेट. मेल केला, पोच तिसऱ्या दिवशी आली. काल उत्तर: ३०० रुपये परत, शिवाय "सद्भावना म्हणून" १,०००. "सवरा" बदलायला झाडाची ती फांदी नव्याने कोरून पाठवतील म्हणे, पण फ्रेम त्यांच्याकडे पाठवावी लागेल. मी लिहिलंय, १,४०० पूर्ण द्या, सद्भावना नको.

आजोबांना विचारलं फ्रेम पंधरा दिवस पाठवू का. म्हणाले, परत यायला किती दिवस लागतील त्याची तारीख लिहून घे आधी.

तात्या_सदाशिव

आजोबांना सल्लागार मंडळावर घ्या.

कायद्याचा_कीडा

१,३०० घेतले तर उरलेल्या ४०० वर आणि मनस्तापावर हक्क सोडला असं होईल का?

अनुस्वार

"उरलेल्या मागणीचा हक्क राखून" असं लिहून घेतले तर सहसा नाही. त्यांनी "पूर्ण आणि अंतिम" लिहून पैसे पाठवले आणि तुम्ही गप्प बसलात, तर वाद होतो. त्यावर आयोग दोन्ही बाजूंनी गेलेले पाहिलेत, म्हणून मी पैज लावणार नाही. मेल पाठवायच्या आधी इथे टाका, वाचून बघतो.